रात्रपाळीच्या कामाबद्दलचं सामूहिक निवेदन कसं लिहावं

प्रश्न : सर, लातूर भागातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आम्ही १८ सिस्टर आहोत. मेडिकल वॉर्डला रात्री एकटीला तीस-तीस पेशंट बघावे लागतात, वर जनआरोग्य योजनेच्या फायली. सगळ्यांनी मिळून पत्र द्यायचं ठरलंय. एकीनं लिहून आणलंय, पण शेवटी ‘अन्यथा काम बंद ठेवू’ असं आहे, म्हणून काहीजणी सही करायला घाबरतायत. कुणाला न दुखावता, पण त्यांना नीट कळेल असं पत्र कसं लिहायचं?

उत्तर :

ताई, ते शेवटचं वाक्य काढा. ज्या मैत्रिणी घाबरल्या त्यांना बरोबर कळलंय. मी मराठवाड्यातल्या ट्रस्टच्या रुग्णालयांत आस्थापना विभागात २६ वर्षं काम केलं. अशी पत्रं माझ्या टेबलावर आली आणि पुढे काही लिहायलाही मी मदत केली. ‘अन्यथा’ लिहिलेलं पत्र आलं की ते सगळ्यात आधी वकिलाकडे जायचं. वकील शेवटचा परिच्छेद वाचून उत्तर लिहून द्यायचे आणि वरच्या दोन पानांत काय म्हटलंय ते कुणी वाचायचंच नाही. रुग्णालयात काम बंद ठेवण्याची भाषा कायद्याच्या नजरेत वेगळी गोष्ट ठरते. तिच्या नोटिशीचे वेगळे नियम आहेत. तुम्हाला ते करायचंच नाही, मग तो कागद तुमच्या नावावर कशाला हवा?

हे वाक्य येतं कुठून हेही सांगतो. आपल्याकडे ‘निवेदन’ म्हटलं की डोळ्यांसमोर तहसीलला दिलेलं निवेदन येतं. पीकविमा, पाणी, रस्ता, काहीही असो, शेवट ठरलेला असतो : ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.’ खाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून जिल्हाधिकारी, पोलीस ठाणे आणि पत्रकार. तो साचा शासनाशी बोलायचा आहे. जिथे तुम्हाला उद्या सकाळी पुन्हा ड्युटीवर जायचंय तिथे तो चालत नाही. ती प्रतींची यादीही धमकीच असते. पत्रात कितीही ‘नम्र विनंती’ लिहा, खाली कामगार कार्यालयाचं नाव दिसलं की व्यवस्थापनाला तेवढंच दिसतं.

आता मुख्य गोष्ट. ‘कामाचा प्रचंड ताण आहे’ या वाक्यावर कोणताही अधिकारी निर्णय घेऊ शकत नाही, कारण त्यात निर्णय घेण्यासारखं काही नसतं. तो म्हणतो, ताण सगळ्यांनाच आहे. पण तेच काम त्यांच्याच रजिस्टरमधून मोजून समोर ठेवलं की त्यांना ते खोडता येत नाही. त्यासाठी पत्र लिहिण्याआधी १४ दिवस नोंद ठेवा. एक साधी वही पुरे. रोज रात्रीच्या पाळीचे पाच आकडे लिहा : हँडओव्हरच्या वेळी वॉर्डात किती पेशंट होते, रात्रीत नवे किती आले, ड्युटीवर किती सिस्टर होत्या, रात्री १० ची औषधं शेवटच्या पेशंटपर्यंत किती वाजता पोचली, आणि पाळी संपल्यावर प्रत्यक्षात किती वाजता बाहेर पडलात. पहिला आकडा रिपोर्ट बुकात असतो, दुसरा ॲडमिशन रजिस्टरात, तिसरा ड्युटी चार्टवर, पाचवा बायोमेट्रिकच्या मशिनमध्ये. चौथा तुमचा तुम्हाला लिहावा लागेल, म्हणून तो त्याच वेळी लिहा, सकाळी आठवून नको.

सात दिवस पुरत नाहीत. एखादा आठवडा डेंग्यूच्या साथीचा निघतो आणि उत्तर येतं, ‘तेव्हा गर्दी होती, आता नाही.’ चौदा दिवसांत गर्दीचे आणि शांत दोन्ही दिवस येतात. शांत दिवसही तसेच लिहा. ज्या रात्री फक्त २६ पेशंट होते ती रात्र गाळली आणि कुणी रजिस्टर उघडून पाहिलं, तर उरलेल्या तेरा रात्रीही खोट्या ठरतील. आणि एक कटाक्षानं पाळा : पेशंटचं नाव, केसपेपरचा फोटो, वॉर्डाचा फोटो यातलं काहीही वहीत नको, मोबाइलमध्ये नको. पेशंटची माहिती बाहेर नेली हा आरोप एकदा झाला की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

एका रुग्णालयातलं प्रकरण सांगतो, तुमच्यासारखंच आहे. ३२ खाटांचा मेडिकल वॉर्ड. सकाळी ८ ते २ तीन सिस्टर, दुपारी २ ते ८ दोन, रात्री ८ ते सकाळी ८ एक सिस्टर आणि एक मावशी. चौदा रात्रींची नोंद निघाली ती अशी : पेशंट कमीत कमी २६, जास्तीत जास्त ३५, सरासरी ३०. नवे पेशंट रात्रीला सरासरी ३. चौदापैकी ११ रात्री एकच सिस्टर होती.

हे आकडे चांगले होते, पण माझ्यावर परिणाम झाला तो दुसऱ्याच हिशेबाचा. त्यांनी रात्री १० च्या औषधांचा वेळ मांडला होता. तीस पेशंटपैकी साधारण २२ जणांना शिरेतून इंजेक्शन, ८ जणांना फक्त गोळ्या. इंजेक्शनला हात धुणं, औषध ओढणं, सलाइनची नळी तपासणं, हळूहळू देणं आणि चार्टवर लिहिणं धरून एका पेशंटमागे ४ मिनिटं. म्हणजे ८८ मिनिटं. गोळ्यांना दोन-दोन मिनिटं, म्हणजे १६. एकूण १०४ मिनिटं. मध्ये कुणी हाक मारली नाही, एकही नवा पेशंट आला नाही, तरी शेवटचं औषध ११ वाजून ४४ मिनिटांनी जाणार. दोघी असल्या तर ५२ मिनिटं, म्हणजे ११ च्या आत. तो कागद वाचून आमचे प्रशासकीय अधिकारी थोडा वेळ काही बोलले नाहीत. सिस्टर आळशी आहेत का, कामसू आहेत का, हा प्रश्नच त्यात उरला नव्हता. चार मिनिटांचं काम तीन मिनिटांत करा, असं कोणता अधिकारी म्हणेल?

इथे एक जपायला हवं, आणि बहुतेक पत्रं इथेच घसरतात. ‘ताणामुळे आमच्याकडून औषधं चुकतात, द्यायची राहतात’ असं लिहू नका. तो तुमच्या सहीनिशी दिलेला निष्काळजीपणाचा कबुलीजबाब होतो, आणि उद्या एखाद्या नातेवाइकाच्या तक्रारीत तो पुढे येऊ शकतो. खोटंही लिहायचं नाही. जे खरं आणि मोजलेलं आहे तेवढंच लिहा : ‘शेवटच्या रुग्णापर्यंत पोचायला पावणेबारा होतात.’ प्रत्यक्ष चूक घडली असेल तर ती त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांना कळवून नोंदवायची असते. सामूहिक पत्रासाठी ती राखून ठेवायची नाही.

त्याच कारणानं कुणाचं नाव नको, कुणाचा स्वभाव नको. ‘मेट्रन मॅडम आमचं ऐकत नाहीत’ हे एक वाक्य आलं की अख्खं पत्र मेट्रनविरुद्धची तक्रार होऊन बसतं, आणि ज्यांच्या हातात ड्युटी चार्ट आहे त्याच बाई तुमच्या विरोधात जातात.

मागण्या किती असाव्यात? तीन. आमच्याकडे एकदा सतरा मागण्यांचं पत्र आलं होतं. त्यात युनिफॉर्मचं कापड होतं, कँटीनचा चहा होता, दिवाळीचा बोनसही होता. व्यवस्थापनानं चहा सुधारला आणि ‘मागण्या मान्य केल्या’ असा शेरा मारला. तीन मागण्या लिहा आणि प्रत्येक मागणी कुणाच्या अधिकारात आहे ते आधी शोधा. पाळीच्या वेळा मेट्रन बदलू शकतात. कारकुनाचं काम प्रशासकीय अधिकारी ठरवतात. नवं पद मात्र विश्वस्त मंडळाच्या बैठकीशिवाय निघत नाही. नव्या पदाची मागणी पहिल्या क्रमांकावर टाकली तर सगळं पत्र त्या बैठकीपर्यंत अडकून पडतं. बिनखर्चाचं वर ठेवा, खर्चाचं खाली.

त्या सिस्टरांनी आपल्या वॉर्डाचं गणितही स्वतः करून पाहिलं होतं, तेही करा. त्या वॉर्डाला ७ सिस्टर होत्या. सहा तासांची एक ड्युटी धरली आणि बारा तासांची रात्र दोन ड्युट्या धरल्या, तर दिवसाला ७ आणि आठवड्याला ४९ ड्युट्या लागतात. सातजणी प्रत्येकी ४८ तास म्हणजे ८ ड्युट्या करतात, एकूण ५६. उरल्या ७, त्यातून रजा, आजारपण भागवायचं. रात्री पूर्णवेळ दुसरी सिस्टर दिली तर आठवड्याला ६३ ड्युट्या लागतील, म्हणजे आहेत त्या माणसांत ते बसतच नाही. मग त्यांनी वेगळा मार्ग काढला : दुपारच्या दोघींपैकी एकीची वेळ २ ते ८ ऐवजी ५ ते ११ करायची. माणूस वाढत नाही, तास वाढत नाहीत, आणि १० ची औषधं दोघींच्या हातून ११ च्या आत होतात. दुपारी २ ते ५ एकटीवर वॉर्ड पडतो हा त्यातला तोटा. तो त्यांनी पत्रातच मान्य केला. शिवाय रात्री ११ ला एकट्या बाईनं घरी कसं जायचं, हा प्रश्न कुणी विचारण्याआधी त्यांनीच लिहिला आणि सोडायला वाहन मागितलं.

भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष साधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा सांगितला जातो. तो लिहायचा का, असं मला नेहमी विचारतात. माझं मत, पत्रात नको. तो आकडा वाचला की व्यवस्थापन म्हणतं, ‘आपल्या भागात कुणाला जमतं ते?’ आणि वाद निकषावर जातो. बैठकीत कुणी ‘एकीला तीस पेशंट म्हणजे काय फार नाहीत’ असं म्हणालंच, तर तेव्हा शांतपणे सांगा.

योजनेच्या फायलींबद्दलही नेमकं लिहा. ‘योजनेचं काम आमचं नाही’ असं नको. पेशंटचा खाटेवरचा फोटो, रिपोर्ट जोडणं, सही घेणं, झेरॉक्सला पाठवणं यातलं कोणतं काम तुम्ही करता आणि त्याला किती मिनिटं जातात ते लिहा. आणि ‘हे आरोग्यमित्रांना सांगा’ असंही सुचवू नका. आरोग्यमित्र योजनेचा माणूस असतो, रुग्णालयाचा नोकर नसतो. ते काम रुग्णालयाच्याच योजना विभागातल्या कारकुनाकडे मागा.

त्या पत्राचा मसुदा जवळपास होता तसा देतो. तुमचे आकडे घालून वापरा.

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी
मार्फत : मा. मेट्रन

विषय : मेडिकल वॉर्डातील रात्रपाळीच्या कामाच्या वाटपाबाबत विनंती

महोदय,

आम्ही खाली सही करणाऱ्या परिचारिका मेडिकल वॉर्डात आळीपाळीने काम करतो. तेथील रात्रपाळीबाबत काही नोंदी आपल्यासमोर ठेवत आहोत.

सोबतच्या तक्त्यात सलग १४ रात्रींची नोंद आहे. रुग्णसंख्या, नवे रुग्ण व कर्मचारी यांचे आकडे वॉर्डातील रजिस्टरांवरून घेतले आहेत, औषधांच्या वेळा आम्ही त्या-त्या वेळी लिहिल्या आहेत. या काळात रात्री सरासरी ३० रुग्ण होते व ११ रात्री एक परिचारिका कामावर होती. रात्री १० ची औषधे शेवटच्या रुग्णापर्यंत पोचण्यास साधारण ११.४५ होतात. पाळी सकाळी ८ ला संपते, परंतु योजनेची कागदपत्रे पूर्ण करून बाहेर पडण्यास सरासरी ९.१० होतात.

नवी भरती लगेच होणे अवघड आहे व योजनेची रक्कम येण्यास वेळ लागतो, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून पुढील विनंती करीत आहोत.

१. दुपारच्या दोन परिचारिकांपैकी एकीची वेळ सायंकाळी ५ ते ११ अशी एक महिना प्रयोग म्हणून करावी. यामुळे दुपारी २ ते ५ एकच परिचारिका राहील, त्या वेळेत मावशींची मदत मिळावी. रात्री ११ वाजता घरी सोडण्यासाठी रुग्णालयाचे वाहन मिळावे.

२. योजनेच्या रुग्णांचे फोटो व झेरॉक्सचे काम योजना विभागातील कारकुनाकडे द्यावे. रुग्णाविषयी वैद्यकीय नोंदी आम्ही पूर्वीप्रमाणे करू.

३. वॉर्डासाठी एका परिचारिकेच्या पदाचा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत विचारार्थ ठेवावा.

याबाबत आपल्या सोयीने भेटीची वेळ द्यावी. आमच्यापैकी तिघी येऊन माहिती देतील. या काळात सर्व ड्युट्या नेहमीप्रमाणे सुरू राहतील.

आपल्या विश्वासू,

यातलं ‘प्रयोग म्हणून’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. कायमचा बदल करायला अधिकारी कचरतो, कारण उलटा पडला तर त्याच्या अंगावर येतो. महिनाभर करून पाहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ‘सर्व ड्युट्या नेहमीप्रमाणे सुरू राहतील’ हे वाक्य तुमच्या जुन्या ‘अन्यथा’च्या जागी ठेवा. ते वाचल्यावर पत्र वकिलाकडे पाठवायचं कारणच राहत नाही. आणि ‘आठ दिवसांत उत्तर द्यावे’ असं न लिहिता भेट मागितली आहे, हेही बघा. मुदत घातली की ती संपल्यावर काय, हा प्रश्न आपोआप येतो.

आता सह्या. माझ्या डोळ्यांदेखत एक पत्र सह्यांमुळेच पडलं. घाई होती म्हणून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या आणि मजकूर नंतर छापला. व्यवस्थापनानं एकेकीला बोलावलं तेव्हा दोघी म्हणाल्या, ‘आम्हाला रजेचा अर्ज आहे असं सांगितलं होतं.’ त्या दोघी खोटं बोलत नव्हत्या. त्यानंतर बाकीच्या बाराजणींचं म्हणणंही कुणी ऐकलं नाही. म्हणून छापलेला अंतिम मजकूर प्रत्येकीनं वाचायचा आणि मगच सही करायची. सह्यांचं पान मजकुरापासून सुटं नको. मजकुराचा शेवटचा परिच्छेद आणि सह्या एकाच पानावर आणा. नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं लावा, म्हणजे पहिली कोण, म्होरकी कोण, हे पत्रावरून ठरत नाही.

जी प्रोबेशनवर आहे, जिचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, तिला आग्रह करू नका. तिनं नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडा, ग्रुपवर तिचं नाव घेऊ नका. १८ पैकी १४ सह्या मनापासून असल्या तर त्या पुरतात. आणि मसुद्याची चर्चा व्हॉट्सॲपवर नको. रागाच्या भरात लिहिलेला एक मेसेज स्क्रीनशॉट होऊन पत्राआधी वर पोचतो.

पत्र देण्याच्या आदल्या दिवशी दोघींनी मेट्रनना भेटा आणि मजकूर वाचून दाखवा. ‘मार्फत’ लिहिलंय त्याचा अर्थ हाच. त्यांना वरून फोन आल्यावर पत्र कळलं तर त्यांचा अपमान होतो. आधी कळलं तर बहुतेक वेळा त्या एखादा आकडा दुरुस्त करून देतात. त्यांनी पुढे पाठवायला नकार दिला तर वाद न घालता एक प्रत त्यांना द्या, दुसरी आवक-जावकला. ओपीडीच्या गर्दीत सोमवारी सकाळी जाऊ नका, दुपारी जा, तिघींनी जा, ड्युटी संपल्यावर जा. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परतू नका. शिक्का नसलेलं पत्र कधी दिलंच नाही असंही म्हणता येतं.

बैठकीला बोलावलं तर तक्ता घेऊन जा आणि बोलणारी एकच ठरवा. बाकी दोघींपैकी एकीनं लिहून घ्यायचं. बाहेर आल्यावर त्याच दिवशी चार ओळींचं आभाराचं पत्र द्या : आज या तारखेला चर्चा झाली, अमुक गोष्ट अमुक दिवसापासून करण्याचं आपण सांगितलं, धन्यवाद. तोंडी आश्वासन असं कागदावर येतं आणि कुणाला टोचतही नाही. पंधरा दिवस काहीच हालचाल नसेल तर दोन ओळींचं स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख लिहा, नवी मागणी एकही नको.

त्या वॉर्डात पुढे काय झालं ते सांगतो. ५ ते ११ ची पाळी दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. वाहनावरून पहिले काही दिवस अडलं, मग रुग्णालयाच्या गाडीची रात्रीची एक फेरी ठरली. फोटो आणि झेरॉक्स कारकुनाकडे गेलं, सिस्टर सव्वाआठ-साडेआठला बाहेर पडायला लागल्या. नवं पद मात्र मिळालं नाही. मंडळानं ‘पुढील अर्थसंकल्पात विचार’ असा शेरा दिला. महिनाभरानं त्यांनी पुन्हा चौदा रात्री मोजल्या आणि नवा तक्ता जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन दिला. त्यात औषधं ११ च्या आत होतात हेही होतं, आणि दुपारी २ ते ५ च्या एकटीचे आकडेही होते. पदाचा विषय मंडळाच्या पुढच्या बैठकीत पुन्हा निघाला तो त्याच दुपारच्या आकड्यांवरून.

तुमची वही आज रात्रीपासून सुरू करा. चौदा रात्री झाल्या की आकडे मला लिहून कळवा, रुग्णालयाचं नाव नको. हिशेब बरोबर बसतोय का ते मी पाहून देतो.